‘हाय, कशी आहेस?’ला ‘मस्त, तुम्ही?’ म्हटलं की गाडी का अडते?

मागच्या आठवड्यात परिषदेत ओळख झालेल्या एका सीनियरचा मेसेज आला : ‘हाय, कशी आहेस?’ मी लिहिलं, ‘मस्त सर, तुम्ही?’ ते म्हणाले, ‘मजेत.’ संपलं! दोघांनाही बोलायचं होतं, तरी संपलं.

असं का होतं, याचं उत्तर संशोधनात आहे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली दाखवून दिलं की अशी वाक्यं माहिती मागत नाहीत, नुसता संबंध जागा ठेवतात. पुढे संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या हार्वी सॅक्स यांनी त्यातली खरी कळ पकडली. ‘ठीक’ हे उत्तर मिळालं की विचारणाऱ्याला पुढे काही विचारायची गरज उरत नाही. पण उत्तर ‘ठीक’पेक्षा वर किंवा खाली गेलं की ‘का, काय झालं?’ हे विचारणं त्याच्यावर येऊन पडतं. म्हणूनच घाईत असलेल्या माणसाला आपण ‘ठीक’ म्हणून सोडवतो.

बोलणं हवं असेल तर हीच कळ उलटी फिरवायची. उत्तर ‘ठीक’वरून जरासंच हलवायचं, आणि तेही समोरच्याला माहिती असलेल्या गोष्टीकडे. सर प्रथिनांवर काम करतात हे मला माहीत होतं. म्हणून दोन दिवसांनी मीच परत लिहिलं, ‘मी बरी आहे सर, पण माझं प्रोटीन काही बरं नाही. सगळं पेलेटमध्ये जातंय, सुपरनेटंटमध्ये काहीच नाही.’ दहा मिनिटांत उत्तर : ‘इंडक्शन किती तापमानाला करतेस?’ मी म्हटलं ३७ अंश. ‘१८ वर रात्रभर करून बघ.’

इथे ‘थँक यू सर’ लिहून मी पुन्हा दार लावणार होते (सवय!). २०१७ साली हार्वर्डच्या कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला होता. समोरच्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणारी माणसं लोकांना जास्त आवडतात, असं त्यात दिसलं. मग विचारलं, ‘तापमान कमी केल्यावर तुमचं उत्पादन घटलं नाही का?’ यावर त्यांनी त्यांच्या पीएचडीतल्या फसलेल्या सहा महिन्यांची गोष्ट सांगितली. ती कुठल्याच पेपरात सापडली नसती.

एक पथ्य मात्र पाळा. पहिल्याच ‘कशी आहेस’वर सगळं रडगाणं ओतलं तर समोरचा ‘अरे बापरे, काळजी घे’ म्हणून निसटतो. एक अडचण, एका वाक्यात, एवढंच. आणि गाईड कॉरिडॉरमध्ये चालता चालता ‘काय, कसं चाललंय?’ म्हणाले आणि पाय थांबले नाहीत, तर ते नुसतं नमस्कारासारखं आहे. तिथे ‘ठीक सर’च बरं. पाय थांबले, तर पेलेटचं सांगा.