नागपूरपर्यंत किती पेट्रोल?

मुंबईहून गाडीने नागपूरला जायचे ठरले की खर्चाचा हिशेब बहुतेक जण एका भागाकारात उरकतात. एकूण अंतर घ्यायचे, त्याला मायलेजने भागायचे, आलेल्या लिटरना पेट्रोलच्या भावाने गुणायचे आणि वर टोल मिळवायचा. या हिशेबातले अंतर नकाशावर अचूक मिळते, भाव पंपावर लिहिलेला असतो आणि टोलचा दरही जाहीर असतो. चूक होते ती मायलेजमध्ये, कारण आपण त्याला गाडीचा कायमचा गुणधर्म समजतो. प्रत्यक्षात मायलेज ठरते गाडी कोणत्या वेगाने चालवली यावर, आणि समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर तो वेग चालकाच्या पायाखाली असतो.

गाडीच्या जाहिरातीत छापलेले मायलेज प्रयोगशाळेत मोजलेले असते. तिथे गाडीची चाके रोलरवर फिरतात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमीजास्त केला जातो. आपल्याकडे त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचणीचक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. समृद्धीवर मात्र मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. म्हणजे ज्या वेगाने आपण निम्म्याहून अधिक महाराष्ट्र ओलांडणार, त्या वेगाची परीक्षा त्या छापील आकड्याने कधी दिलेलीच नसते.

वेगाने एवढा फरक का पडावा? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाला मुख्यतः दोन विरोध मोडून काढावे लागतात: टायरचा रस्त्याशी होणारा आणि हवेचा. टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही. हवेचा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलो, तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. मध्यम आकाराच्या मोटारीसाठी दोन्ही विरोध एकत्र धरले, तर दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा सुमारे दीडपट भरते. जास्त भाराखाली पेट्रोल इंजिन थोडे अधिक कार्यक्षमतेने चालते, म्हणून पेट्रोल दीडपट लागत नाही. तरीही ९० ला लिटरमागे १८ किलोमीटर देणारी गाडी १२० ला १४ च्या आसपास उतरू शकते.

आता हिशेब मांडून पाहू. समृद्धीचे ७०१ किलोमीटर, घरापासून महामार्गाच्या आमणे टोकापर्यंत ५० आणि नागपुरात २०, असे एकूण ७७१ किलोमीटर धरू. पेट्रोलचा भाव सोयीसाठी १०५ रुपये. छापील मायलेज २० असेल, तर साध्या भागाकाराने साडेअडतीस लिटर, म्हणजे सुमारे ४,०५० रुपये येतात. पण शहरातल्या गर्दीत गाडी लिटरला ११ किलोमीटरच देत असेल, तर तिथल्या ७० किलोमीटरनाच सव्वासहा लिटरहून थोडे जास्त जातात. महामार्ग ९० ने कापला तर तिथे ३९ लिटर, १२० ने कापला तर ५०. एकूण खर्च पहिल्या वेळी सुमारे ४,७५० आणि दुसऱ्या वेळी सुमारे ५,९००. इथे प्रत्येक टप्प्याचे लिटर वेगळे काढून बेरीज करावी. दोन मायलेजची सरासरी काढून भागले तर उत्तर चुकते, कारण टप्प्यांची अंतरे सारखी नसतात आणि जिथे मायलेज कमी, तिथे दर किलोमीटरला पेट्रोल जास्त जळते.

वेळेलाही किंमत आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. १२० ने गेल्यास कागदावर दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ वाचतो आणि त्यासाठी अकराशे-बाराशे रुपये मोजावे लागतात. पण घाटात मर्यादा १०० ची आहे आणि वाटेत थांबावेही लागते, त्यामुळे वाचणारा वेळ आणि जादा खर्च दोन्ही थोडे कमी भरतात. हा सौदा परवडतो की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र तो करतो आहोत हे आधी माहीत हवे. दुसरा आक्षेप असा, की डॅशबोर्डवर मायलेज दिसतेच. पण तो आकडा गाडीचा संगणक अंदाजाने काढतो आणि बऱ्याच गाड्यांत तो वास्तवापेक्षा चढा असतो. खात्रीचा उपाय जुनाच: नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, महामार्गावर दोन-तीनशे किलोमीटर एकाच सवयीच्या वेगाने जायचे, पुन्हा तशीच भरायची आणि मधल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनी भागायचे.

टोलचा प्रश्न सोपा आहे. समृद्धीवर चढल्यापासून उतरेपर्यंतच्या अंतरानुसार पैसे कापले जातात. एप्रिल २०२५ पासून मोटारींना किलोमीटरला २.०६ रुपये, म्हणजे पूर्ण रस्त्याचे सुमारे १,४४५. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तेव्हा जुन्या हिशेबातली ती ओळ खोडून टाकावी. पार्किंगचा अंतराशी संबंधच नाही. ते तासांवर ठरते, म्हणून किलोमीटरच्या दरात न मिसळता मुक्कामाप्रमाणे वेगळे धरावे. त्यासाठी दोनशे रुपये ठेवले, तर ९० ने जाणाऱ्याचा एका बाजूचा प्रवास सुमारे ६,४०० रुपयांत होतो आणि १२० ने जाणाऱ्याचा साडेसात हजारांच्या पुढे जातो.