अक्षर कन्नड, अर्थ मराठी

हुबळीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाच्या फोनवर वीजबिलाची कन्नड सूचना येते. लिपी वाचता येत नाही आणि अ‍ॅप मजकूर कॉपीही करू देत नाही.

अँड्रॉइडच्या Accessibility मध्ये Select to Speak सुरू करून त्या ओळींवरून बोट ओढलं, की फोन त्या मोठ्याने वाचतो. मात्र कन्नड आवाज आधी डाउनलोड केलेला हवा. नाहीतर फोन गप्प बसतो किंवा नुसते मधले आकडे बोलतो. शेजारी धरलेल्या दुसऱ्या फोनवर गूगल ट्रान्सलेटचा माइक कन्नड ऐकतो आणि मराठी अर्थ दाखवतो.

ऐकण्यात चूक झाली का? दुसऱ्या फोनवर उमटलेली कन्नड ओळ मूळ ओळीशी ताडून पाहायची, अगदी चित्रं जुळवावीत तशी. गोंगाटात रक्कम आणि तारीख चटकन बिघडतात. त्या मूळ पडद्यावरूनच घ्याव्यात.