शिळ्या भाताचा हिशेब

मधुमेहींसाठीच्या तक्त्यांमध्ये कलिंगड आणि पांढरा भात अनेकदा शेजारी शेजारी दिसतात. दोघांचाही ग्लायसेमिक इंडेक्स सत्तरच्या पुढे, म्हणजे ‘जास्त’ गटातला. तक्ता वाचून उन्हाळ्यात कलिंगडाची फोड नाकारणारी आणि भात मात्र दोनदा वाढून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नाही. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सहसा कोणी समजावून देत नाही.

1981 साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. पचू शकणारी 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातली साखर तपासत राहायची आणि ती वाढ 50 ग्रॅम ग्लुकोजने होणाऱ्या वाढीशी ताडून पाहायची. ग्लुकोजला 100 गुण. मेख त्या 50 ग्रॅममध्ये आहे. तेवढी कर्बोदकं भाताच्या मोठ्या वाटीत जवळपास मिळतात, कलिंगडातून ती मिळवायला सुमारे सातशे ग्रॅम गर खावा लागतो. इंडेक्स फक्त वेग सांगतो, ताटात किती आहे ते सांगत नाही.

ती उणीव भरून काढायला ग्लायसेमिक लोड आला. इंडेक्सला ताटातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचं आणि शंभरने भागायचं. दहापर्यंतचा लोड कमी, वीस किंवा अधिक म्हणजे जास्त. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 40 ग्रॅम कर्बोदकं असतात. इंडेक्स 73 धरला तर लोड 29 येतो. तेवढ्याच वजनाच्या कलिंगडाचा लोड आठच्या आसपास.

आता तोच भात थंड केला तर? तांदळातला स्टार्च कच्चा असताना घट्ट कणांत बांधलेला असतो. शिजताना कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची रचना मोडते आणि आपल्या पाचक रसांना साखळ्या मोकळ्या सापडतात. भात निवू लागला की यातल्या काही साखळ्या, विशेषतः अमायलोज नावाच्या सरळ साखळ्या, पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिकासारखी घट्ट रचना करतात. फ्रिजमधला भात दडदडीत लागतो तो याचमुळे. तेवढा भाग लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत तसाच पोचतो. अमायलोजच्या या गाठी घरच्या आचेवर सुटत नाहीत, म्हणून भात पुन्हा गरम केला तरी बराचसा फायदा टिकतो. चिकट शिजणाऱ्या तांदळात अमायलोज कमी, तिथे परिणामही कमी.

इंडोनेशियातल्या एका अभ्यासात, 2015 मध्ये, हे मोजलं गेलं. ताज्या भातात दर शंभर ग्रॅममागे न पचणारा स्टार्च 0.64 ग्रॅम होता. चार अंश सेल्सिअसला 24 तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात तो 1.65 ग्रॅम झाला. पंधरा निरोगी माणसांना दोन्ही भात दिले तेव्हा थंड करून तापवलेल्या भाताने रक्तातली साखर सुमारे 18 टक्के कमी चढली.

हा फरक खरा आहे, पण तो ताटात मांडून पाहा. 29 मधून 18 टक्के वजा केले की 24 उरतात, म्हणजे भात अजूनही ‘जास्त’ गटातच. ‘शिळा आहे, चालतो’ म्हणून वर तीस-पस्तीस ग्रॅम, म्हणजे एखादी पळी, जास्त घेतली की सगळी कमाई संपली. उलट ताजाच भात निम्मा केला तर लोड पंधरावर येतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी वाटी लहान करा, मग भात थंड करा. सोबत उसळ, दही, भाजी असेल तर साखर आणखी सावकाश चढते.

शिळा भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष नंतरच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. उलट्या सुरू होतात त्या त्यानेच. भात पसरट भांड्यात लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि वाफा येईपर्यंत गरम करा.

तुमच्या शरीरावर काय होतं ते ग्लुकोमीटरवर कळेल. एका दिवशी ताजा, दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला भात घ्या. वजन, सोबतचं जेवण आणि वेळ तीच ठेवा. जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी साखर मोजा. एका जोडीवर निष्कर्ष काढू नका, साखर रोज थोडी वेगळी वागते, म्हणून दोन-तीनदा करा. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं. नेहमीच्या डोसवर असा भात खाल्ला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.