कार्ड-संलग्न सवलत

कार्ड-संलग्न सवलत ही डेबिट अथवा क्रेडिट कार्डाने केलेल्या खरेदीवर मिळणारी अशी सवलत आहे, जी ग्राहकाच्या कार्ड-खात्याशी आधीच जोडून ठेवलेली असते. ग्राहक दुकानात कोणतेही कूपन दाखवत नाही, कोणताही संकेतांक सांगत नाही आणि बिलाची पूर्ण रक्कम भरतो. सवलतीची रक्कम काही दिवसांनी त्याच्या कार्ड-खात्यात स्वतंत्र नोंदीने जमा होते. खरेदी झाली हे ओळखण्याचे काम दुकानातील कर्मचारी करीत नाहीत. ते कार्ड-व्यवहाराच्या संदेशातूनच केले जाते. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ असून तेथील अनेक बँकांच्या मोबाइल ॲपमध्ये अशा सवलतींची यादी दिसते.

## पार्श्वभूमी

कागदी कूपन आणि संकेतांक या दोन्ही पद्धतींत सवलत विक्रीच्या क्षणी द्यावी लागते. त्यासाठी दुकानाच्या गल्ल्यावरील संगणकात बदल करावे लागतात आणि कर्मचाऱ्यांना सूचना द्याव्या लागतात. कार्डाचा व्यवहार मात्र तसाही बँकेपर्यंत पोहोचतो. त्या नोंदीवरून सवलत नंतर देता येईल, या विचारातून ही पद्धत पुढे आली. कार्डलिटिक्स ही या क्षेत्रातील कंपनी २००८ मध्ये अटलांटा येथे स्थापन झाली. अमेरिकन एक्सप्रेसने २०११ मध्ये फोरस्क्वेअर आणि फेसबुक यांच्यामार्फत कार्डाशी सवलती जोडण्याची सोय दिली. बँक ऑफ अमेरिकाची अशी योजना २०१२ मध्ये, तर चेस बँकेची २०१८ मध्ये सुरू झाली.

## सहभागी घटक

साधारण कार्ड-व्यवहारात चार पक्ष असतात: ग्राहक, त्याला कार्ड देणारी बँक, विक्रेता आणि विक्रेत्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी बँक. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे जाळे या दोन बँकांमध्ये संदेश पोहोचवते. कार्ड-संलग्न सवलतीत यांत सवलत चालवणाऱ्या मध्यस्थ संस्थेची भर पडते. ही संस्था विक्रेत्यांकडून सवलती गोळा करते, त्या बँकेच्या ॲपमध्ये दाखवते आणि झालेल्या व्यवहारांची पडताळणी करते. अमेरिकन एक्सप्रेस अनेक ठिकाणी कार्ड देणारी संस्था, जाळे आणि विक्रेत्याशी करार करणारी संस्था या तिन्ही भूमिका स्वतःच बजावते. त्यामुळे तिला ही पडताळणी तुलनेने सोपी जाते.

सवलतीचा खर्च सामान्यतः विक्रेता उचलतो. पडताळणीत बसलेल्या प्रत्येक खरेदीमागे तो सवलतीची रक्कम आणि त्यावर शुल्क देतो. ते शुल्क मध्यस्थ संस्था आणि बँक वाटून घेतात. खरेदी झाली नाही तर विक्रेत्याला सहसा काही द्यावे लागत नाही. सवलत कोणाला दाखवायची हेही पूर्वीच्या खरेदीवरून ठरवता येते. उदाहरणार्थ, एखादे उपाहारगृह गेल्या वर्षभरात आपल्याकडे न आलेल्या, परंतु परिसरातील इतर उपाहारगृहांत खर्च करणाऱ्या ग्राहकांनाच ती दाखवण्यास सांगू शकते.

## कार्यपद्धती

### सवलत सक्रिय करणे

ग्राहक ॲपमधील सवलतीवर बोट ठेवतो तेव्हा बँकेच्या प्रणालीत एक नोंद तयार होते. तीत कार्ड-खाते, सवलतीचा क्रमांक, सक्रिय केल्याची वेळ आणि अंतिम मुदत यांचा समावेश असतो. कूपनाचे काम पुढे हीच नोंद करते. ती विशिष्ट कार्डापुरती असल्यामुळे त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या कार्डाने केलेली खरेदी सहसा धरली जात नाही. सक्रिय करण्यापूर्वीची खरेदीही धरली जात नाही.

### व्यवहाराची ओळख

कार्ड यंत्राला लावल्यावर विक्रेत्याकडून मंजुरीची मागणी करणारा संदेश निघतो. अशा संदेशांची रचना आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली आहे. या विषयाशी संबंधित रकाने पुढीलप्रमाणे असतात. त्यांतील मूल्ये काल्पनिक आहेत.

```
MTI   0100
DE2   412345******6789
DE4   000000004800
DE18  5812
DE41  00000012
DE42  000445566778899
DE49  840
```

यांत `DE2` म्हणजे कार्डाचा क्रमांक (येथे मधले अंक झाकले आहेत), `DE4` म्हणजे सेंटमध्ये लिहिलेली रक्कम, `DE18` म्हणजे व्यवसायाचा प्रकार आणि `DE49` म्हणजे चलन होय. `5812` हा उपाहारगृहांचा, तर `840` हा अमेरिकी डॉलरचा क्रमांक आहे. सवलतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे रकाने `DE41` आणि `DE42` हे आहेत. पहिल्यात यंत्राचा आठ अक्षरांचा क्रमांक असतो आणि दुसऱ्यात विक्रेत्याचा पंधरा अक्षरांपर्यंतचा ओळख-क्रमांक असतो. हा ओळख-क्रमांक विक्रेत्याला त्याची बँक देते.

दुकानाचे नावही संदेशात जाते, पण त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. नावे संक्षिप्त व निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेली असतात आणि कधी त्यांच्या आधी `SQ *` किंवा `TST*` अशी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची खूण येते. म्हणून मध्यस्थ संस्था विक्रेत्याकडून त्याच्या सर्व शाखांचे ओळख-क्रमांक मागवून घेते. कधी लहान रकमेचा चाचणी-व्यवहार करून कोणता क्रमांक प्रत्यक्षात येतो याची खातरजमाही केली जाते. त्यानंतर दोन याद्यांचा मेळ घालणे एवढेच काम उरते: हे कार्ड सवलत सक्रिय केलेल्यांच्या यादीत आहे का, आणि हा विक्रेता त्या सवलतीच्या यादीत आहे का.

### मंजुरी आणि समाशोधन

मंजुरीचा संदेश म्हणजे केवळ रक्कम उपलब्ध असल्याची विचारणा होय. प्रत्यक्ष पैसे मागणारा दुसरा संदेश विक्रेत्याची बँक नंतर पाठवते. या टप्प्याला समाशोधन म्हणतात आणि तो बहुधा एक ते तीन दिवसांत पूर्ण होतो. मंजुरीचा सहा अक्षरांचा क्रमांक आणि जाळ्याने दिलेला व्यवहार-क्रमांक यांवरून दोन्ही संदेश एकाच खरेदीचे असल्याचे समजते.

काही प्रणाली मंजुरी मिळताच ग्राहकाला अभिनंदनाची सूचना पाठवतात. सवलतीची रक्कम मात्र सामान्यतः समाशोधनानंतरच निश्चित केली जाते, कारण मंजुरीची रक्कम पुढे बदलू शकते किंवा व्यवहार रद्दही होऊ शकतो.

## उदाहरण

अमेरिकेतील एका उपाहारगृहाची सवलत अशी आहे असे समजू: एकूण ५० डॉलर किंवा त्याहून अधिक खर्चावर १० टक्के परत, कमाल ७ डॉलर, एकदाच.

एका ग्राहकाने सोमवारी सकाळी ती सक्रिय केली आणि रात्री तेथे जेवण केले. करासह बिल ४८ डॉलर झाले. कर्मचाऱ्याने कार्ड यंत्राला लावले आणि ४८ डॉलरची मंजुरी मिळाली. या क्षणी व्यवहार ५० डॉलरच्या अटीत बसत नाही. त्यानंतर ग्राहकाने पावतीवर ९.६० डॉलर बक्षिसी लिहून सही केली. अमेरिकेत अशी बक्षिसी मंजुरीनंतर जोडण्याची रीत आहे. रात्री हिशेब बंद करताना उपाहारगृहाने ५७.६० डॉलरची मागणी पाठवली.

बुधवारी समाशोधनाचा संदेश ग्राहकाच्या बँकेकडे आला. कार्ड, विक्रेता आणि तारीख जुळली. रक्कम ५० डॉलरपेक्षा अधिक होती, म्हणून १० टक्क्यांप्रमाणे ५.७६ डॉलर सवलत ठरली. ती ७ डॉलरच्या मर्यादेत असल्याने पूर्ण मिळाली. ग्राहकाच्या मासिक विवरणात ५७.६० डॉलरची खरेदी आणि नंतरच्या तारखेला ५.७६ डॉलरची जमा अशा दोन वेगळ्या नोंदी दिसल्या. उपाहारगृहाच्या पावतीवर सवलतीचा उल्लेख कोठेच नव्हता. पडताळणी मंजुरीच्या रकमेवर थांबली असती, तर त्याला काहीच मिळाले नसते.

## मर्यादा आणि चुका

वस्तूंची माहिती नसणे. साधारण ग्राहक-व्यवहाराच्या संदेशात एकूण रक्कम असते, खरेदी केलेल्या वस्तूंची यादी नसते. त्यामुळे 'या दुकानात ५० डॉलर खर्च करा' अशी सवलत देता येते, पण 'या कंपनीचा साबण घ्या' अशी सवलत केवळ कार्डाच्या संदेशावरून देता येत नाही. त्यासाठी दुकानाच्या गल्ल्यावरील नोंदी मिळवाव्या लागतात.

विक्रेता बदलणे. त्याच उपाहारगृहातील जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवरून मागवले, तर पैसे ॲप स्वीकारते आणि संदेशात ॲपचा ओळख-क्रमांक जातो. ग्राहकाच्या दृष्टीने दुकान तेच असले, तरी प्रणालीच्या दृष्टीने ते वेगळे ठरते. मोठ्या दुकानाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्याच्या विक्री-केंद्रालाही हेच लागू पडते.

जुना ओळख-क्रमांक. विक्रेत्याने आपली बँक बदलली किंवा नवी शाखा उघडली, तर नवा क्रमांक मिळतो. तो यादीत घातला जाईपर्यंत सर्व अटी पाळूनही सवलत जमा होत नाही. अशा वेळी त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. केवळ अपेक्षित नोंद दिसत नाही.

डेबिट कार्डाचा मार्ग. बँकेऐवजी एखाद्या त्रयस्थ ॲपमध्ये कार्ड नोंदवले असल्यास ते ॲप व्हिसा किंवा मास्टरकार्डकडून आलेल्या माहितीवर अवलंबून राहते. अमेरिकेत पिन वापरून केलेला डेबिट व्यवहार दुसऱ्याच जाळ्यावरून जाऊ शकतो आणि मग त्या ॲपला तो दिसत नाही. म्हणून अशा योजनांच्या अटींत पिन न वापरण्याची सूचना आढळते.

परतावा. ग्राहकाने वस्तू परत केल्यास विक्रेत्याकडून परताव्याचा संदेश येतो आणि बँक दिलेली सवलत वजा करू शकते.

सवलत न मिळाल्यास विवरणात व्यवहार 'प्रलंबित' आहे की पूर्ण झाला आहे, विक्रेत्याचे नाव कोणते छापले आहे आणि सक्रिय केल्याची नोंद त्याच कार्डावर व खरेदीपूर्वीची आहे का, या तीन गोष्टींवरून कारण बहुधा कळते. दाद बँकेकडे किंवा योजना चालवणाऱ्या संस्थेकडे मागावी लागते. दुकानदाराकडे त्या ग्राहकाच्या सवलतीची नोंदच नसते.

## गोपनीयता

ग्राहकाचे व्यवहार बँकेकडे असतातच. प्रश्न त्यांच्या पुढील वापराचा असतो. बँकेमार्फत चालणाऱ्या योजनांत मध्यस्थ संस्थेला नाव व पूर्ण कार्ड-क्रमांक न देता सांकेतिक ओळख देण्याची पद्धत आहे. तरीही कोठे, केव्हा आणि किती खर्च झाला हा तपशील विश्लेषणासाठी वापरला जातो. सवलत सक्रिय न करणाऱ्या ग्राहकालाही ती दाखवण्यापूर्वी त्याच्या मागील खर्चाचा विचार झालेला असू शकतो.

## तत्काळ सवलतीशी फरक

भारतात ऑनलाइन खरेदीच्या वेळी विशिष्ट बँकेच्या कार्डावर मिळणारी तत्काळ सवलतही संकेतांकाविना असते, परंतु तिची पद्धत निराळी आहे. तेथे कार्ड-क्रमांकाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ अंकांवरून कार्ड देणारी बँक ओळखली जाते आणि मंजुरी मागण्यापूर्वीच रक्कम कमी केली जाते. त्यामुळे सवलत मिळाली की नाही हे ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी दिसते. कार्ड-संलग्न सवलतीत ते काही दिवसांनंतर विवरणावरूनच समजते. बँक खात्यातून थेट यूपीआयने केलेल्या भरण्यात कार्ड-व्यवहाराचा संदेश तयार होत नाही, म्हणून तो भरणा कार्डाशी जोडलेल्या सवलतीस पात्र ठरत नाही.