भाडेकरू की परवानाधारक? कराराचा मागोवा

कशेडी घाटाच्या पायथ्याशी पोलादपुरात खोली भाड्याने घेणारा माणूस आज ज्या कागदावर सही करतो, त्याचा साचा मुंबईच्या घरभाड्याच्या भांडणांतून घडला. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड केलं. त्यातून सुटायला घरमालक ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहू लागले. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, परवान्याने नुसती वापराची मुभा मिळते.

न्यायालयं मात्र मथळ्याला भुलत नव्हती. जागेचा खरा ताबा कोणाकडे, हे ती तपासत. पुढे सरकारने कायदाच बदलला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर जागेत राहणारे भाडेकरू ठरले. मालकांनी धसका घेतला.

31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पारडं फिरवलं. कलम 24 खाली राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि न सोडल्यास दुप्पट शुल्काची भरपाई मिळू शकते. शिवाय लेखी करार हाच निर्णायक पुरावा. म्हणजे ‘मी खरं तर भाडेकरूच होतो’ हे म्हणणं तिथे टिकत नाही. मात्र हे कलम राहत्या जागेपुरतं आहे, दुकानासाठी नाही. आणि हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद क्षेत्रांनाच लागू होतो. घाटातल्या गावासाठी ते आधी पाहावं.

मुद्रांक शुल्कानेही हाच कल पक्का केला. 2013 पासून 60 महिन्यांपर्यंतच्या परवान्यावर शुल्क 0.25 टक्का आहे. समजा, खोली 5,000 रुपये महिना, अनामत 20,000, मुदत दोन वर्षं. भाडं 1,20,000 झालं. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्यात 4,000 मिळवायचे. 1,24,000 वर शुल्क येतं 310 रुपये. तीच खोली पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घेतली, तर बाजारमूल्याच्या 10 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने आकारणी होते. मूल्य 8 लाख आणि दर 4 टक्के धरला, तर 3,200 रुपये.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून रेंगाळते. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेत त्याच्या कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी दोन्ही सक्तीचे आहेत, मुदत कितीही असो. नोटरीचा शिक्का त्याला पर्याय नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

म्हणून सही करण्याआधी शुल्काच्या आकड्याबरोबर मुदतीचा रकानाही वाचावा. स्वस्त कागदाने मुदतीपुरतीच जागा मिळते. मुलांची शाळा दोन वर्षांनंतरही तिथेच राहायची असेल, तर जास्त मुदत आताच मागून घ्यावी.