सुट्टी जाहीर करणारी रील

रील्समधून ठरवून घेतलेली सुट्टी जाहीर करताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: नवे व्हिडिओ कधी थांबणार, कधी सुरू होणार आणि तोवर प्रेक्षकांनी काय पाहायचे. त्यांतही परतीची तारीख सर्वांत महत्त्वाची. रील सगळ्यांना एकाच दिवशी दिसत नाही. कुणाला लगेच दिसते, कुणाला आठवड्याने. ‘उद्यापासून तीन आठवडे’ म्हटले, तर उशिरा पाहणाऱ्याचा हिशेब चुकतो. ‘२२ जून’ मात्र केव्हाही ऐकले तरी २२ जूनच राहते.

समजा, इन्स्टाग्रामवर पाककृती दाखवणाऱ्या एका गृहिणीला जूनमध्ये थांबायचे आहे. तिचे बोलणे असे असू शकते: ‘मंडळी, १ ते २१ जून नवी रेसिपी येणार नाही. वर्षभर सलग शूटिंग झालंय, आता थोडी विश्रांती घेतेय. २२ जूनला अळूवडीनं पुन्हा सुरुवात करू. तोवर प्रोफाइलवर पिन केलेल्या दोन भज्यांच्या रेसिपी करून बघा आणि कशा झाल्या ते कळवा.’ हे वीसेक सेकंदांत बोलून होते. अनेकजण आवाज बंद ठेवून रील पाहतात, म्हणून दोन्ही तारखा पडद्यावर ठळक लिहाव्यात.

या बोलण्यात माफी नाही, कारण कोणताही शब्द मोडलेला नाही. वारंवार ‘सॉरी’ म्हटले की कमेंटमध्ये लोक धीर देत बसतात आणि तारीख मागे पडते. उदास संगीत किंवा ‘महत्त्वाची घोषणा’ असा मथळा दिला, तर अकाउंट बंद होणार अशी शंका येते. मात्र पैसे घेऊन कबूल केलेला वर्ग पुढे ढकलायचा असेल, तर माफी योग्यच. तीही एका वाक्यात, नव्या तारखेसह किंवा पैसे परत करण्याच्या व्यवस्थेसह.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या भागात तीन पोस्ट पिन करता येतात. म्हणून सुट्टीच्या रीलसोबत दोनच पाककृती ठेवल्या आहेत. केवळ स्टोरी टाकून भागत नाही, कारण ती चोवीस तासांत दिसेनाशी होते. रील सुट्टीच्या दोन-तीन दिवस आधी टाकली, तर सुरुवातीच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात. ‘पुन्हा कधी?’ असे बरेचजण विचारू लागले, तर तारीख पोहोचलेली नाही असे समजावे आणि ती पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहावी.

टाकलेल्या रीलमधले बोलणे बदलता येत नाही, कॅप्शन मात्र बदलता येते. परतीचा दिवस पुढे गेला, तर नवी तारीख कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहावी आणि स्टोरीतूनही कळवावी. सुट्टीत व्ह्यूज घटू शकतात. ती घट अशा रीलने थांबतेच असे नाही. परतल्यावर पहिल्याच दिवशी कबूल केलेली अळूवडी दाखवावी आणि सुट्टीची रील अनपिन करावी, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना अकाउंट अजून थांबलेले वाटत नाही.