कच्चे घर, पक्के घर

पत्त्यांचा जोड 52 पानांचा, भिडू चार, समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. इथवर ‘सीप’ आपल्या मेंढीकोटासारखाच वाटतो. पण पंजाब, हरियाणा, दिल्लीकडे खेळल्या जाणाऱ्या या खेळात हुकूम नाही आणि हातही नाहीत. मधोमध जमिनीवर उघडी पाने असतात. हातातल्या पानाने त्यांच्याशी बेरीज जुळवायची आणि ती उचलायची. एक्का 1, गुलाम 11, राणी 12, राजा 13, बाकी पानांची किंमत त्यांच्यावर छापलेलीच. म्हणजे राणीने सत्ती आणि पंजी उचलता येते, किंवा जमिनीवर राणी असेल तर तीही.

गुण मात्र सगळ्या पानांना नाहीत. इस्पिकच्या तेरा पानांना त्यांच्या किमतीएवढे, म्हणजे एकूण 91. उरलेल्या तीन एक्क्यांना एकेक आणि चौकटच्या दश्शीला 6. झाले शंभर. मेंढीकोटात चारही दश्श्यांवर जीव टाकणाऱ्याला इथे इस्पिकची आणि चौकटची सोडून बाकीच्या दोघींकडे पाठ फिरवावी लागते.

नुसते उचलत राहिले तर खेळ पोरकट झाला असता. त्याला धार येते ती ‘घरा’मुळे. हातातले एक पान जमिनीवरच्या पानांवर ठेवून 9 ते 13 पैकी एखादी बेरीज तयार करायची आणि ती पाने ढीग करून ठेवायची, म्हणजे घर. अट एवढीच की त्या किमतीचे पान तुमच्या हातात असले पाहिजे, आणि घर आहे तोवर ते दुसरीकडे खर्च करता येत नाही. घर बांधले की तुमच्या हातात काय आहे हे चौघांना कळते. लपवाछपवीच्या खेळात ही मोठीच किंमत आहे.

पंजी-चौकीचे नऊचे घर एकाच बेरजेचे, म्हणून कच्चे. विरोधकाकडे तिर्री आणि राणी असेल तर तो तिर्री त्यावर टाकून ते बाराचे करतो. तुमची नव्वी मग बघत बसते. त्याच घरात नऊची आणखी एक बेरीज किंवा सुटी नव्वी पडली की ते पक्के होते. पक्के घर कोणी चढवू शकत नाही. ते नव्वीनेच उचलावे लागते. राजाचे घर कच्चे असले तरी चढवता येत नाही, कारण तेरावर किंमतच नाही.

पहिलीच चाल घ्या. पहिल्या भिडूला चारच पाने मिळतात: इस्पिकचा गुलाम, बदामची सत्ती, चौकटची नव्वी, किलवरची दुर्री. तो ‘अकरा’ बोलतो. मग जमिनीवरची चार पाने उलटली जातात: इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री, किलवरची चौकी, बदामची छक्की. बोललेल्या अकराचेच काहीतरी करणे आता त्याला भाग आहे.

मोह सरळ आहे. गुलामाने अठ्ठी आणि तिर्री उचलायची, 19 गुण खिशात. पण जमिनीवर चौकी आणि छक्की उरतात, बेरीज दहा. पत्ते वाटून झाले की उजवीकडच्या विरोधकाकडे एखादी दश्शी असण्याची शक्यता चारात तीनच्या आसपास आहे. ती असली की तो दोन्ही पाने उचलून जमीन रिकामी करतो. यालाच सीप म्हणतात, आणि त्याचे 50 गुण. एकोणीस कमावून पन्नास घालवले.

मुरलेला भिडू सत्ती चौकीवर ठेवतो आणि अठ्ठी-तिर्रीही त्यात ओढतो. अकराचे पक्के घर झाले, बाहेर एकटी छक्की. घर आणि छक्की एका पानात उचलताच येत नाहीत, म्हणून लगेच सीप नाही. धोका आहेच. बाहेरच्या तीन गुलामांपैकी एखादा त्या विरोधकाकडे असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पण त्याने घर उचलले तर अठ्ठीचे 8 गुण मिळतात आणि जमिनीवर फक्त छक्की राहते. पुढची पाळी पहिल्या भिडूच्या जोडीदाराची. त्याच्याकडे छक्की निघाली तर 50 गुण त्यांचेच. त्यामुळे गुलाम हातात असूनही विरोधक क्षणभर थांबतो.

इथून पुढचे सगळे मोजण्यावर चालते. दोन गुलाम जाऊन बसले, एक आपल्या हातात, म्हणजे अकराचे पक्के घर मोडायला बाहेर एकच उरला. तो जोडीदाराकडे आहे असा अंदाज असेल तर घर निवांत वाढवत नेता येते. शेवटच्या चालीत जमीन साफ केली तर सीपचे गुण धरत नाहीत, आणि उरलेली सुटी पाने ज्या बाजूने शेवटची उचल केली तिच्याकडे जातात. एका बाजूला एका डावात 9 गुणसुद्धा जमले नाहीत, तर बाजी तिथेच हरली. एरवी ती चालते कोणीतरी शंभराची आघाडी घेईपर्यंत.